सोडियम रक्तात कमी, मग तपासणी लघवीची का?



एका आजोबांचा विचार करू.
त्यांचं हृदय अशक्त झालंय.
पाय सुजलेत, दम लागतोय.
रक्तातलं सोडियम १२६ आलंय.
एरवी ते १३५ च्या वर असतं.

घरचे म्हणतात, जेवणात मीठ वाढवू या.
कृपा करून तसं करू नका.
अंगात मीठ कमी नाही.
पाणी जास्त झालंय.

हे होतं कसं?
हृदयाचा जोर कमी पडतो.
मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचतं.
शरीराला वाटतं, अंगातलं पाणी आटलंय.
मग ते मीठ धरून ठेवतं,
आणि पाणी त्याहूनही जास्त.

लघवीत हे स्पष्ट दिसतं.
सोडियम थोडं, साधारण २० च्या खाली.
आणि ऑस्मोलॅलिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, मात्र जास्त.

मूत्रपिंडच निकामी असेल, तर चित्र बदलतं.
त्याला मीठ नीट धरता येत नाही.
लघवीत सोडियम २० च्या वर जातं.
दाटपणा ३०० च्या आसपास अडकतो.
पाणी कितीही प्या,
लघवी पुरेशी पातळ होत नाही.

एक मोठी अडचण आहे.
लघवी वाढवणाऱ्या गोळीने
हृदयरोग्याच्या लघवीतही सोडियम वाढतं.
मग निदान फसतं.
गोळी मनाने बंद करू नका.
पण ती कधी घेतली, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

पुन्हा सांगते,
मीठ कमी नाही, पाणी जास्त आहे.
दिवसाला किती पाणी प्यायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
रुग्ण गुंगीत गेला,
असंबद्ध बोलू लागला किंवा झटका आला,
तर लगेच रुग्णालय गाठा.