दूध कधी विरजायचं?

(स्नेहमेळाव्यात, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आज २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. मला विषय मिळालाय ‘डिफरन्शियल इक्वेशन आणि रोजचं जीवन’. मराठीत त्याला अवकल समीकरण म्हणतात. नाव ऐकून मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झालेली दिसतेय, म्हणून फळ्याकडे न जाता स्वयंपाकघरात जाऊ या. प्रश्न एकच आहे : तापवलेलं दूध विरजायला किती वेळ थांबायचं?

दूध ९० अंशांवर आहे आणि खोली ३० अंशांवर, असं धरू. विरजण लावायला दूध साधारण ४२ अंशांवर, म्हणजे कोमट हवं. पंधरा मिनिटांनी थर्मामीटर घातला तर ७५ अंश दिसले. आता आपण सहज तोंडी हिशोब करतो : पंधरा मिनिटांत १५ अंश, म्हणजे मिनिटाला एक. ४८ अंश उतरायला ४८ मिनिटं.

हा हिशोब फसतो. ४८ मिनिटांनी दूध अजून ५४ अंशांच्या आसपास असतं. इतक्या गरम दुधात विरजणातले बरेचसे जिवाणू तग धरत नाहीत, आणि सकाळी दह्याऐवजी पातळ दूधच हाती लागतं. दोष विरजणाला दिला जातो.

चूक कुठे झाली? आपण धरलं की दूध सतत एकाच वेगाने निवतं. न्यूटनने १७०१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात वेगळं सांगितलं होतं : वस्तू किती वेगाने निवणार हे ती आजूबाजूपेक्षा किती जास्त गरम आहे त्यावर ठरतं. फरक मोठा तर वेग जास्त, फरक निम्मा तर वेगही निम्मा. हेच वाक्य गणिताच्या भाषेत असं लिहितात :

dT/dt = -k(T - 30)

डावीकडे तापमान बदलण्याचा वेग आहे, उजवीकडे दूध आणि खोली यांच्यातला फरक. k हा आकडा भांड्याचा : पसरट पातेल्यात तो मोठा, झाकलेल्या उभ्या भांड्यात लहान. गंमत अशी की हे समीकरण तापमान किती ते सांगतच नाही. आत्ता बदल किती वेगाने होतोय एवढंच सांगतं. त्यावरून पुढचं सगळं आपण काढायचं.

कसं ते पाहा. सुरुवातीला फरक ६० होता, पंधरा मिनिटांनी ४५ झाला, म्हणजे पाऊण उरला. नियम तोच असल्यामुळे पुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांत फरक पुन्हा पाऊणच उरणार. ४५ चा ३४, मग २५, १९, १४, ११. त्यात खोलीचे ३० मिळवा : ७५, ६४, ५५, ४९, ४४, ४१. म्हणजे ४२ अंश यायला सव्वा ते दीड तास लागतो. पहिल्या हिशोबाच्या जवळजवळ पावणेदोन पट.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात संगणकही बहुतेक वेळा असंच करतो. छोटं पाऊल टाकतो, वेग नव्याने मोजतो, पुढचं पाऊल टाकतो. पाऊल फार मोठं घेतलं तर वेग जुना राहतो आणि उत्तर बिघडतं. याच दुधाचा सुरुवातीचा वेग सलग सव्वा तास तसाच धरला, तर दूध खोलीपेक्षाही थंड झाल्याचं उत्तर येतं. असं उत्तर दिसलं की समजावं, पाऊल चुकलं.

आता या नियमाची मर्यादा. दूध फार गरम असताना वाफही उष्णता घेऊन जाते, ती या समीकरणात नाही. पंखा मध्येच लावला तर k बदलतो. हे ओळखायची खूण सोपी आहे : दर पंधरा मिनिटांचा फरक भागून पाहा. पहिल्यांदा ०.६५ आणि नंतर सारखा ०.७५ येत असेल, तर सुरुवातीला वाफेने काम केलंय. अशा वेळी पहिलं माप सोडून पुढच्या मापांवरून हिशोब धरावा.

आणि थंडीत दही का लागत नाही, तेही इथेच कळतं. खोली १८ अंशांवर असेल तर ४२ अंशांवर विरजलेल्या दुधाचा फरक १२ नसून २४ असतो. ते दुप्पट वेगाने निवतं आणि जिवाणूंचं काम अर्धवट राहतं. आजी भांडं जुन्या लुगड्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, तेव्हा ती खोलीचं तापमान बदलू शकत नव्हती, म्हणून k कमी करत होती.