हळदीआधी शेजाऱ्यांना निरोप

घरी हळद असेल तर शेजाऱ्यांना दोन दिवस आधी निरोप द्या. ‘थोडा आवाज होईल’ एवढं पुरत नाही, वेळ सांगा. उदाहरणार्थ:

“नमस्कार. शुक्रवारी संध्याकाळी 7 ते 9.30 आमच्या मुलीची हळद आहे. अंगणात स्पीकर लागेल. तुम्हाला त्रास होईल, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. घरी आजारी माणूस, तान्हं बाळ किंवा कुणाची परीक्षा असेल तर कळवा, स्पीकरचं तोंड फिरवू. आवाज वाढला तर या नंबरवर फोन करा.”

नंबर नवरीच्या वडिलांचा नको, ते पाहुण्यांत अडकलेले असतात. स्पीकरजवळ थांबणाऱ्या भाच्याचा द्या. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. 9.30 ठरवलं, की शेवटचं गाणं लांबलं तरी अर्धा तास हाताशी राहतो.