सभागृहाच्या चित्रातील मोझेक फरशी



आजकाल कोणतेही सभागृह बांधायचे झाले की नकाशाबरोबर संगणकावर केलेले एक रंगीत चित्र समोर येते. त्याला रेंडर म्हणतात. भिंती, खिडक्या, खुर्च्या, पंखे सारे त्यात असते आणि खाली चकाकणारी मोझेकची फरशी असते. त्या चित्रावर सभासद मान डोलावतात, अंदाजपत्रक मंजूर होते आणि काम सुरू होते. पुढे फरशी घासून तयार झाली की "चित्रात होती तशी ही नाही" अशी कुरबुर सुरू होते. पुष्कळदा यात गवंड्याचा काही दोष नसतो. चित्रातली फरशी मुळातच घालता येण्यासारखी नसते. म्हणून असे चित्र कसे वाचावे आणि आपल्यापैकी जे विद्यार्थी संगणकावर ही चित्रे करतात त्यांनी ते कसे करावे, एवढ्याच विषयावर आम्ही बोलणार आहोत.

प्रथम खरी फरशी समजून घेऊ. जागेवर घातलेल्या मोझेकमध्ये खाली काँक्रीटचा थर असतो आणि त्यावर सिमेंट, संगमरवराची पूड व संगमरवराच्या चिप्स यांचा पातळ थर असतो. दोन्ही मिळून साधारण ४० मिलिमीटर जाडी होते. वरचा थर किती जाड ठेवायचा ते चिपच्या आकारावरून ठरते. सरकारी बांधकामाच्या प्रचलित पद्धतीत १ ते ४ मिलिमीटरच्या चिपला ६ मिलिमीटरचा थर, ४ ते ७ मिलिमीटरच्या चिपला ९ मिलिमीटरचा आणि ७ ते १० मिलिमीटरच्या चिपला १२ मिलिमीटरचा थर धरतात. कारण उघड आहे. चिप थरात पुरती बुडाली पाहिजे, तिच्याभोवती सिमेंट बसले पाहिजे आणि घासाईत वरचा भाग गेल्यावरही ती घट्ट राहिली पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा आपले सभागृह ९ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब आहे. चिप ४ ते ७ मिलिमीटरची ठरली आहे. सिमेंटचा थर वाळताना आकसतो. सलग मोठा घातला तर त्याला वाटेल तिथे तडे जातात. म्हणून फरशीचे चौकोन पाडतात आणि मधे काचेच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या पट्ट्या बसवतात. आतल्या फरशीत एक चौकोन २ चौरस मीटरपेक्षा मोठा नको आणि त्याची बाजू २ मीटरपेक्षा लांब नको, असा संकेत आहे. आपण सव्वा मीटरचे चौकोन धरले तर ९ मीटरमध्ये सात चौकोन बसून उरलेली पट्टी कडेला तोकडी दिसेल. त्याऐवजी १.१२५ मीटरचा चौकोन घेतला तर रुंदीत बरोबर ८ आणि लांबीत बरोबर १६ बसतात. एकूण १२८ चौकोन झाले, कुठेही तुकडा उरला नाही. खांब साडेचार-साडेचार मीटरवर असतील तर दर चौथी रेघ खांबाच्या मध्यावर येते. चित्र काढण्यापूर्वी हे गणित झाले पाहिजे, कारण चित्रातल्या रेघा याच गणितातून येतात.

चित्रातली पहिली चूक चिपच्या आकारात होते. संगणकावर फरशी दाखवताना तिच्या एका तुकड्याचे छायाचित्र घेतात आणि ते पृष्ठभागावर चिकटवतात. समजा ते छायाचित्र ३०० मिलिमीटरच्या एका टाइलचे आहे. चित्र करणाऱ्याने ते ताणून १.१२५ मीटरच्या चौकोनावर बसवले तर प्रत्येक चिप पावणेचार पट मोठी होते. ५ मिलिमीटरची चिप जवळजवळ १९ मिलिमीटरची दिसते. दिसायला ती झोकदार दिसते आणि सभासदांनाही तीच आवडते. पण १९ मिलिमीटरची चिप ९ मिलिमीटरच्या थरात बसणार कशी? तशी फरशी हवी असेल तर थर जाड करावा लागेल, माल वाढेल, घासाई वाढेल आणि खर्चही वाढेल. म्हणजे मंजुरी एका फरशीला मिळाली आणि दर दुसऱ्याच फरशीचा धरला गेला.

ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. चित्र १९२० चित्रबिंदू रुंद असेल आणि कॅमेऱ्याची नजर आडवी ६० अंशांची असेल तर १० मीटर अंतरावर सुमारे साडेअकरा मीटर रुंदी चित्रात मावते. म्हणजे एका चित्रबिंदूत ६ मिलिमीटर जागा आली. आपली चिप ४ ते ७ मिलिमीटरची असल्याने तिथे ती एका बिंदूएवढी होते आणि शेजारच्या चिपांत मिसळून जाते. तिथली फरशी एकाच करड्या किंवा पिवळसर रंगाची दिसली पाहिजे. ३ मीटर अंतरावर मात्र एका बिंदूत पावणेदोन मिलिमीटर येतात, त्यामुळे तिथे चिप दाणेदार दिसेल. तेव्हा सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चिपा सुट्या सुट्या मोजता येत असतील तर त्या प्रमाणाबाहेर मोठ्या काढल्या आहेत, असे खुशाल समजावे.

विद्यार्थ्यांसाठी याच संदर्भात आणखी दोन गोष्टी सांगतो. घासाईत प्रत्येक चिप वेगळ्या उंचीवर कापली जाते. कुणाचा मधला रुंद भाग वर येतो, तर कुणाचे नुसते टोक. म्हणून एकाच चाळणीची चिप असली तरी पृष्ठभागावर लहानमोठे तुकडे दिसतात. सगळे तुकडे सारख्या आकाराचे काढले तर फरशी छापील कापडासारखी वाटते. दुसरी गोष्ट पट्टीजवळची आहे. जागेवर घातलेल्या मोझेकमध्ये पट्ट्या आधी बसवतात आणि माल मागून भरतात. त्यामुळे एकही चिप पट्टी ओलांडून पलीकडे जात नाही. चित्रात पट्टीखालून अर्धी चिप इकडे आणि अर्धी तिकडे दिसली तर आधी सलग फरशी काढून वरून रेघा ओढल्या आहेत हे कळते. प्रत्येक चौकोनाला तेच छायाचित्र वापरले असेल तर एखादी काळी चिप १२८ ठिकाणी त्याच कोपऱ्यात येते आणि लांबून तिच्या रांगा दिसतात. चौकोनागणिक छायाचित्र फिरवून आणि सरकवून घेतले की हा दोष जातो.

आता चकाकीकडे वळू. मोझेकची घासाई आधी जाड कारबोरंडमच्या दगडाने होते. मग भोके सिमेंटने भरून, पाणी मारून, पुन्हा १२० नंबरच्या आणि शेवटी ३२० किंवा त्याहून बारीक दगडाने घासतात. त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाची पूड टाकून पॉलिश करतात. संगमरवराची चिप चांगली चकाकते, पण मधले सिमेंट तितके चकाकत नाही. ब्लेंडरसारख्या प्रणालीत Roughness हा आकडा शून्य ठेवला तर आरसा होतो. चिपला ०.१५ आणि सिमेंटला ०.३ च्या आसपास घेऊन सुरुवात केली तर खऱ्या फरशीच्या जवळ जाता येते. IOR १.५ ठेवावा.

पण चकाकी नुसत्या पॉलिशवर अवलंबून नसते, नजरेच्या कोनावरही असते. चकचकीत पृष्ठभाग सरळ वरून पाहिला तर त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्केच भाग परत फिरतो. उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या कोनात तो ९ टक्के होतो आणि ८० अंशांच्या कोनात ३९ टक्क्यांच्या घरात जातो. डोळे दीड मीटर उंचीवर असतील तर हा ८० अंशांचा कोन साडेआठ मीटर लांबच्या फरशीशी होतो. म्हणून दारात उभे राहिल्यावर पायाजवळची फरशी साधी दिसते आणि लांबची पाण्यासारखी चमकते. आता कॅमेरा अर्ध्या मीटरवर खाली ठेवला तर तोच कोन पावणेतीन मीटरवरच येतो आणि जवळजवळ सगळी फरशी आरशासारखी दिसते. फरशी तीच राहिली, फक्त पाहणारा जमिनीवर बसला. तेव्हा चित्र मागताना ते उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून मागावे. शिवाय खांबाचे प्रतिबिंब पाहावे. ते बुंध्याशी स्पष्ट आणि वर जाता जाता पुसट झाले असेल तर पॉलिश खरे दाखवले आहे. वरपर्यंत काटेकोर असेल तर तो आरसाच आहे.

शेवटी सांध्यांविषयी. चौकोनांमधल्या पट्टीला बरेच जण प्रसरण सांधा म्हणतात, परंतु तो समज चुकीचा आहे. पट्टी फक्त फरशीच्या जाडीपुरती असते. काचेची पट्टी साधारण ४ मिलिमीटर जाड असते, ती फरशीबरोबर घासली जाते आणि हाताला लागत नाही. प्रसरण सांधा हा इमारतीचाच सांधा असतो. काँक्रीट एका अंश तापमानाला मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर वाढते. आपल्या १८ मीटरच्या सभागृहात २० अंशांचा फरक पडला तरी ही वाढ साडेतीन मिलिमीटरच्या आसपास होते. साधारण ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत असा सांधा देण्याचा विचार करतात. म्हणून एकट्या उभ्या असलेल्या या सभागृहाच्या मधोमध चित्रात रुंद सांधा दिसला तर तो कशासाठी, असे विचारावे.

मात्र हेच सभागृह जुन्या इमारतीला लागून बांधले तर दोन्हींच्या मध्ये सांधा हवाच, कारण नवा भाग खचतो वेगळा आणि तापतोही वेगळा. तो सांधा फरशीत, भिंतीत आणि छतात एकाच रेषेत आला पाहिजे. फरशीत त्यावर धातूची झाकणपट्टी किंवा रबरासारखा भरणा असतो. भरणा असेल तर तो निस्तेज दिसतो आणि तेवढ्या रेषेत प्रतिबिंब तुटते. चित्रात सांध्यावरून मोझेक सलग गेलेला असेल तर प्रत्यक्षात तिथेच तडा जाणार, आणि तो सांध्याच्या रेषेला धरूनच जाईल.

कॉन्ट्रॅक्टरकडे चित्र देण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यात चिपचा आकार, थराची जाडी, चौकोनाचे माप आणि कॅमेऱ्याची उंची लिहून घ्यावी. त्याबरोबर एक चौकोन जागेवर खराखुरा घालून, घासून, वाळल्यावर दिवसाच्या उजेडात उभे राहून पाहावा. चित्र आणि तो चौकोन जिथे जुळत नाहीत, तिथे चौकोनाचे खरे मानावे.