लांबच्या डॉक्टरांना दाखवायचा फोटो

आमच्या गटातल्या एका ताईंना कमरेवर, परकराच्या नाडीच्या जागी, गोल चट्टा उठला होता. खाज फार. तालुक्याला जाणं जमेना, म्हणून आम्ही फोनवरून डॉक्टरांना फोटो पाठवला. रात्री, बल्बखाली, फ्लॅश मारून काढलेला. डॉक्टर म्हणाले, "यात मला नुसती चमक दिसतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही नीट काढला. चट्ट्यावरची पावडर, मलम सगळं धुऊन जागा कोरडी केली. फोनची काच पदराने पुसली. सकाळी दाराजवळ, उजेडात पण थेट ऊन न पडेल असं ताईंना उभं केलं. फ्लॅश बंद ठेवला, कारण सावळ्या कातडीवर लाली मुळातच तपकिरी दिसते आणि फ्लॅशने तीही पुसट होते.

फोटो तीन काढले. पहिला हातभर लांबून, म्हणजे चट्टा अंगावर कुठे आहे ते कळतं. दुसरा वीतभर अंतरावरून, अगदी समोरून. चट्ट्याशेजारी मुलांची शाळेची पट्टी आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी धरली. तिसरा बाजूने, तिरका. कड उचललेली आहे का, कोंडा सुटतोय का, हे त्यातच दिसतं. फोटो अंधुक आला तर फोन आणखी जवळ नेऊ नका. थोडा मागे घ्या, पडद्यावर चट्ट्याला बोट लावा, मग काढा. पट्टी नंतर साबणाने धुवा.

पट्टीवर चट्टा ४ सेंटिमीटर भरला. कड उचललेली, मध्ये साफ. डॉक्टरांनी गजकर्ण सांगितलं. ताई दुकानातून आणलेलं मलम लावत होत्या, तेही त्यांनी विचारलं. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबते, पण गजकर्ण पसरत राहतं. ते बंद करून दुसरं औषध दिलं.

१५ दिवसांनी त्याच दारात, तेवढ्याच अंतरावरून, पट्टी आणि नवी तारीख धरून पुन्हा तीन फोटो काढले. समोरच्या फोटोत डाग तेवढाच, ४ सेंटिमीटर. ताई हिरमुसल्या. पण तिरक्या फोटोत कड बसलेली होती, कोंडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "रोग उतरतोय, राहिलाय तो काळा डाग. पण मी सांगेपर्यंत औषध थांबवू नका."

फोटोत चेहरा घेऊ नका. फोटो फक्त डॉक्टरांनाच पाठवा.

आणि फोटोला स्पर्श कळत नाही. फिकट चट्टा बधिर लागत असेल तर आरोग्य केंद्रात जाऊनच दाखवा. तापाबरोबर सूज किंवा लाली झपाट्याने पसरत असेल, अंगावर फोड येत असतील, तर फोटो काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.