सही करण्याआधी अहवाल वाचा
(प्रभाग संघाच्या सभेतील भाषण)

मैत्रिणींनो, गावात पाणलोटाचं काम संपलं की शेवटचा अहवाल येतो आणि आपल्या अध्यक्षताईंकडे सही मागतात. आज त्या अहवालाबद्दल बोलू.

जलयुक्त शिवार आठवतंय ना? राज्यभर 9,600 कोटींहून जास्त खर्च झाला. कॅगने तपासणीसाठी जे जिल्हे निवडले, त्यात आपला नगर जिल्हाही होता. 2020 साली त्यांचा अहवाल विधिमंडळात आला. भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात आहे. कामं झाली होती, पण काम झालं म्हणजे पाणी वाढलंच असं नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

आता समजा, तुमच्या गावात 40 हेक्टरवर सलग समतल चर ठरले होते, खर्च 12 लाख. झाले 28 हेक्टर, खर्च साडेअकरा लाख. अहवालात एकच ओळ: "तांत्रिक अडचणींमुळे तफावत." ताई, हे कारण नव्हे, कारणाची जागा भरलीय! हिशेब करा. ठरल्या दराने, म्हणजे हेक्टरी 30 हजारांनी, 28 हेक्टरचे 8 लाख 40 हजार व्हायला हवे होते. वरचे 3 लाख 10 हजार कुठे गेले? ते म्हणतील, खाली कातळ लागला, मशीन आणावं लागलं. असेलही खरं. मग मशीनचं बिल आणि मोजमाप पुस्तिका मागा. बिल 1 लाख 90 हजारांचं निघालं, तर 1 लाख 20 हजारांचं उत्तर अजून बाकी आहे.

पुढे लिहिलेलं असतं, "विहिरींची पातळी 3 मीटरने वाढली, योजना यशस्वी." इथे दोन गोष्टी बघा. कामाआधीची मोजणी मे महिन्यातली आणि नंतरची ऑक्टोबरमधली तर नाही ना? पावसाळा संपल्यावर विहीर भरणारच, त्यात चराचं काय? दोन्ही वेळा महिना तोच हवा, विहिरीही त्याच हव्यात. दुसरं, पाऊस. आधीच्या वर्षी 350 मिलिमीटर आणि नंतर 600 पडला असेल, तर ते पाणी चराचं की ढगाचं, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही. शेजारच्या, काम न झालेल्या शिवारातल्या विहिरी मोजा. तिथेही 3 मीटर वाढलं असेल, तर श्रेय पावसाचं. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आधी पाऊस मोजतात, मग पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात.

शेवटी "काय शिकलो" हे पान. तिथे बहुतेक "लोकसहभाग महत्त्वाचा" एवढंच असतं. हे तर काम सुरू होण्याआधीही माहीत होतं! खरं असं लिहावं: "वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची संमती लेखी घेतली नव्हती, म्हणून 12 हेक्टर राहिले. पुढच्या वेळी अंदाजपत्रकाआधी संमती घेऊ." हे लिहिताना कमीपणा वाटतो, मान्य. पण पुढच्या गावाला उपयोग याच ओळीचा होतो.

तुमच्याकडे असा अहवाल आला असेल, तर पुढच्या बैठकीला मोजमाप पुस्तिकेची प्रत घेऊन या. मिळून वाचू.