पत्त्याची पाठ आणि पोट

आज मी ज्या गोष्टीविषयी तुमच्याशी बोलणार आहे ती इतकी लहान आहे, की तिच्यासाठी तुमची दहा-बारा मिनिटे घ्यावीत की नाही, असा मला स्वतःलाच संकोच वाटला होता. एका कागदावर बारा चौकोन आखायचे, प्रत्येकात एकेक प्रश्न छापायचा, त्याच कागदाच्या पाठीवर उत्तरे छापायची आणि मग कात्रीने बारा पत्ते वेगळे करायचे. मुले त्यांना फ्लॅशकार्ड म्हणतात. यात चुकण्यासारखे ते काय, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत होतो.

मी इतिहास शिकवतो, आणि आठवड्यातून एकदा, तास संपल्यावर, हौशी विद्यार्थ्यांना मोडी लिपी शिकवतो. घरातल्या ट्रंकेत आजोबांचे कागद पडलेले असतात, ते वाचता यावेत एवढीच बहुतेकांची इच्छा असते. या मंडळींसाठी मी पत्ते करायचे ठरवले. पोटावर मोडी अक्षर, पाठीवर तेच अक्षर बाळबोध. युनिकोडमध्ये मोडीला 2014 साली जागा मिळाली, त्यामुळे संगणकावर मोडी अक्षर उमटवता येते. पण छापील वळण आणि कारकुनाच्या हातचे वळण यांत फार अंतर, म्हणून मी अक्षरे बोरूने काढली आणि त्यांची चित्रे करून घेतली. पहिल्या पानावर बारा अक्षरे बसवली. एका ओळीत तीन, अशा चार ओळी. क ख ग, खाली घ च छ, मग ज झ ट आणि शेवटी ठ ड ढ. दुसऱ्या पानावर याच क्रमाने, याच जागी, बाळबोध अक्षरे. दुकानदाराला सांगितले, जाड कागदावर पाठपोट काढा. पत्ते सुरेख झाले. एक उचलून पाहिला, तो 'च'चा निघाला. पाठीवर 'च'च होता. मी निर्धास्तपणे वाटून टाकले.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर मी मोडीत 'गड' लिहिले. वर्गाने एका सुरात वाचले, 'कड'. 'घडा' लिहिले, तर 'छडा'. 'कट' लिहिले, तर 'गज'! मला वाटले, माझेच वळण बिघडले आहे. मग 'झाड' लिहिले, ते बिनचूक 'झाड' वाचले. आणि 'चोख' लिहिले तेही अगदी चोख. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

काय झाले होते ते तुम्ही हातात कागद घेऊनच पाहा. एका कोऱ्या कागदावर डावीकडून उजवीकडे 1, 2, 3 असे अंक लिहा. आता पुस्तकाचे पान उलटावे तसा तो उलटा आणि पाठीवर पुन्हा डावीकडून 1, 2, 3 लिहा. कागद उजेडासमोर धरा. पोटावरच्या एकच्या मागे तीन आला आहे, तीनच्या मागे एक. मधल्या दोनच्या मागे मात्र दोनच. पान उलटले की डावी बाजू उजवी होते, इतकीच गोष्ट. म्हणून पाठीच्या पानावर प्रत्येक ओळ उलट क्रमाने मांडावी लागते: ग ख क, छ च घ, ट झ ज, ढ ड ठ. ओळींचा वरून खाली क्रम तोच, फक्त ओळीतल्या जागा उलट.

माझ्या पत्त्यांत ख, च, झ आणि ड ही मधल्या रकान्यातली चार अक्षरे बरोबर होती आणि बाकीची आठ चुकीची. दोन रकाने असते, तर प्रत्येक पत्ता चुकला असता आणि पहिलाच उचलल्यावर मला ते कळले असते. तीन रकान्यांत मधला रकाना खरे बोलतो आणि त्याच्या आड दोन्ही बाजूंचे खोटे खपून जाते. शिवाय इंग्रजी शब्दाचा पत्ता असता, तर एखाद्या मुलाने तरी शंका काढली असती. पण ज्याला मोडी येतच नाही, तो शंका कशाच्या आधारावर काढणार? 'गड' आणि 'कड' दोन्ही खरे शब्द. पत्ता सांगेल तेच त्याने खरे मानायचे.

बरे, ओळी उलटल्या म्हणजे काम झाले असेही नाही. छापताना यंत्राला सांगावे लागते, की कागद कोणत्या कडेवर उलटायचा. पडद्यावर Flip on long edge आणि Flip on short edge असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यात कागद पुस्तकाच्या पानासारखा लांब कडेवर उलटतो, दुसऱ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा आखूड कडेवर. आपण ओळी उलटल्या त्या पहिल्या पर्यायासाठी. चुकून दुसरा पर्याय लागला, तर 'क'च्या मागे 'ढ' येतो, 'ख'च्या मागे 'ड', आणि तोही डोके खाली, पाय वर. पत्त्यांना 1 ते 12 क्रमांक दिले, तर ही चूक चटकन ओळखता येते: पोटाचा आणि पाठीचा क्रमांक मिळवला की दर वेळी 13 भरतात. तसे झाले तर मांडणीला हात लावू नका, फक्त पर्याय बदला. मी एकदा उलटे केले. पर्याय तसाच ठेवून मांडणी बदलत बसलो आणि अख्खी संध्याकाळ घालवली.

अपुऱ्या पानाचेही असेच. ङ आणि ञ वगळून माझी व्यंजने बत्तीस, म्हणजे दोन पूर्ण पाने आणि तिसऱ्यावर आठ. त्या पानाची शेवटची ओळ पोटावर 'ह', 'ळ' आणि एक रिकामा चौकोन अशी. पाठीवर रिकामा चौकोन आधी यायला हवा, मग 'ळ', मग 'ह'. रिकाम्या चौकोनालाही एक पत्ताच समजावे.

आता दुसरी अडचण. क्रम बरोबर आला, तरी पाठ पोटावर नेमकी बसत नाही, थोडी सरकते. आपला कागद ए-फोर, म्हणजे 210 मिलिमीटर रुंद आणि 297 उंच. माझा पत्ता 60 रुंद आणि 65 उंच. तीन पत्त्यांचे 180 झाले, उरलेले 30 डावी-उजवीकडे समान, पंधरा-पंधरा. उंचीचे 260, उरलेले 37 वर-खाली साडेअठरा. समास समान असणे हे पहिले पथ्य. शिवणीसाठी म्हणून डावीकडे 20 आणि उजवीकडे 10 ठेवलेत, तर उलटल्यावर सगळी पाठ 10 मिलिमीटर बाजूला जाईल. छापताना Actual size निवडावे. Fit निवडले तर यंत्र आपल्या मर्जीने पान लहान करते आणि पत्ता 60 चा राहत नाही.

इतके करूनही थोडा सरक राहतोच, कारण यंत्र प्रत्येक कागद किंचित वेगळ्या जागी पकडते. लेझर यंत्रात पहिल्या छपाईच्या उष्णतेने कागद सुकून जराही आकसतो. मी काय केले ते सांगतो. दोन्ही पानांच्या बरोबर मध्यभागी एक बारीक फुली छापली आणि पाच कागद काढले. पोटावरच्या फुलीच्या मध्यातून टाचणी आरपार घातली, कागद उलटला आणि भोकापासून पाठीवरची फुली किती दूर आहे ते पट्टीने मोजले. फुली दर वेळी उजवीकडे होती: 2 मिलिमीटर, 2, दीड, अडीच आणि 2. सरासरी दोन. म्हणून फक्त पाठीच्या पानाचा डावा समास 15 चा 13 केला आणि उजवा 17. पुन्हा पाच काढले. फुली आता भोकाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत, कधी इकडे, कधी तिकडे. जो सरक कायमचा एकाच बाजूचा असतो तो असा काढता येतो. जो कागदागणिक बदलतो तो कुणालाच काढता येत नाही, त्याचा नाद सोडावा. यंत्र बदलले तर मात्र मोजणी पुन्हा करावी, एका दुकानातले 13 दुसऱ्या दुकानात चालत नाहीत.

उरलेला अर्धा मिलिमीटर लपवायचा कसा? पाठीवर एकही रेघ छापू नका. हौसेने दोन्ही बाजूंना चौकट काढतात आणि तिथेच फसतात. पोटाच्या रेघेवर कापले की पाठीची चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब. तीच पाठ कोरी असेल आणि अक्षर मध्यभागी, कडांपासून सहा-सात मिलिमीटर आत असेल, तर दीड-दोन मिलिमीटर सरकले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कापण्याच्या खुणा फक्त पोटावर, आणि त्याही अखंड रेघा नकोत. प्रत्येक कोपऱ्यावर फिकट, तीन मिलिमीटरचे अधिकचिन्ह पुरते. खुणा नुसत्या समासात ठेवल्या, तर आडवे काप घेताच वरचा-खालचा समास निघून जातो आणि हातात उरलेल्या पट्ट्यांवर उभा काप कुठे घ्यायचा ते कळत नाही. काप स्टीलच्या पट्टीला कटर लावून घ्यावेत. कात्रीने सरळ कापणारे लोक असतील, मी त्यांतला नाही.

कागदाविषयी थोडे. नेहमीचा 70-80 जीएसएमचा कागद घेतला, तर पाठीवरचे उत्तर पोटावरून दिसते आणि सगळी गंमत जाते. 200 च्या आसपासचा घ्यावा. पण इतका जाड कागद पुष्कळशी यंत्रे स्वतः उलटवत नाहीत. मग आधी सगळी पोटे छापायची, कागद निवू द्यायचे, कारण गरम कागद वाकडा असतो, आणि मग हाताने उलटून पुन्हा घालायचे. कसे उलटायचे हे दर यंत्राचे निराळे. साध्या कागदावर पेन्सिलीने बाण काढून तो एकदा आत सोडावा आणि बाण कुठे, कोणत्या बाजूला बाहेर येतो ते पाहून ठेवावे.

आता माझ्या प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात, पोटावर आणि पाठीवरही, तोच क्रमांक बारीक अंकात असतो. दोन्ही जुळले नाहीत, तर मोडीचा गंध नसलेला विद्यार्थीही मला येऊन सांगतो. पहिले पत्ते मी परत मागवले. दर संचातले चार ठेवले, आठ फाडले. पण डोक्यात बसलेले काही फाडता येत नाही. वर्गातली एक मुलगी आता जुने खरेदीखत सहज वाचते, पण 'ग' आला की अजून क्षणभर थबकते, आणि मग माझ्याकडे पाहते.