आलेखाला वाचा



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, हे संगणकवाल्यांचे काम, आपणांस त्यात काय कळणार? आम्हांसही दोन वर्षांपूर्वी असेच वाटत होते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त इतिहास-शिक्षक आहेत. गेली पंधरा-सोळा वर्षे त्यांना मुळीच दिसत नाही. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर एक निबंध लिहावयाचा म्हणून ते माहिती जमवीत होते आणि एका प्रश्नाशी अडून आमच्याकडे आले. प्रश्न एवढाच होता : त्या साथीचा ठसा जनगणनेच्या आकड्यांत दिसतो काय?

त्यांना हवे असलेले पान त्यांना सापडलेही होते. त्यावर भारताच्या लोकसंख्येचा मोठा आलेख होता. परंतु गुरुजींचा स्क्रीन रीडर त्या जागी येऊन फक्त म्हणे, "प्रतिमा, आलेख." पुढे शब्द नाही.

हा स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखविणारा कार्यक्रम. एनव्हीडीए नावाचा एक तर फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. चित्र आले की तो त्या चित्राला जोडलेला `alt` नावाचा मजकूर वाचतो. मजकूर जोडलेलाच नसेल तर पुष्कळदा फाइलचे नाव वाचू लागतो. अक्षरे आणि आकडे ह्यांची ती भेसूर माळ ऐकण्यासारखी असते! आणि कोणी `alt` जाणूनबुजून रिकामे ठेवले, तर तो चित्र वगळून सरळ पुढे जातो. शोभेच्या नक्षीला हे योग्यच आहे. आलेखाला मात्र ह्यासारखा घात नाही, कारण इथे काही होते हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

तेव्हा गुरुजींना आम्ही म्हणालो, "चला, आम्ही वाचून दाखवितो." आलेख पाहिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "१९०१ पासून २०११ पर्यंत लोकसंख्या सतत वाढत गेली आहे. आधी सावकाश, मग झपाट्याने." गुरुजी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "सतत? १९११ ते १९२१ मध्येसुद्धा?" आम्ही पुन्हा पाहिले. रेषा तेथे जवळजवळ आडवी होती. मग मूळ आकडे काढले. १९११ साली २५.२१ कोटी. १९२१ साली २५.१३ कोटी. लोकसंख्या सुमारे आठ लाखांनी घटली होती!

आम्हांला डोळे असून ती घट का दिसली नाही, ह्याचा हिशेब आम्ही घरी जाऊन मांडला. समजा, आलेख पंचवीस सेंटिमीटर उंच आहे आणि त्यात सव्वाशे कोटी बसवावयाचे आहेत. म्हणजे एका सेंटिमीटरात पाच कोटी. आठ लाखांच्या वाट्याला येते एक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी उंची. रेषेची जाडीच त्याहून अधिक असते. ज्या साथीत ह्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, तिचा ठसा शाईच्या जाडीत बुडून गेला होता. म्हणजे त्या पानाने गुरुजींना काहीच सांगितले नाही आणि आम्हांला चुकीचे सांगितले. दोघांचा तोटा एकाच गोष्टीने भरून निघणार होता : त्या चित्राखाली नीट लिहिलेले वर्णन आणि आकड्यांचे कोष्टक.

मग गुरुजींनी आणि आम्ही मिळून ते वर्णन लिहावयास घेतले. पहिल्या खेपेस आम्ही लिहिले, "निळ्या रंगाची रेषा डावीकडून उजवीकडे वर जाते." गुरुजी हसले. म्हणाले, "अहो, रेषा निळी असो की तांबडी, मला लोकसंख्या सांगा." वर्णन चित्राचे करावयाचे नसते, चित्रात सांगितलेल्या गोष्टीचे करावयाचे असते. रंगाचा उल्लेख करावयाचा तो त्या रंगाला अर्थ असेल तेव्हाच. शेवटी ठरलेला मजकूर असा :

"हा रेषालेख भारताची लोकसंख्या कोटींत दाखवितो. आडव्या अक्षावर १९०१ ते २०११ ही बारा जनगणना-वर्षे आहेत. सर्व आकडे भारताच्या आजच्या सीमांतील प्रदेशाचे आहेत. १९०१ मधील २३.८४ कोटींची लोकसंख्या २०११ मध्ये १२१.०९ कोटी, म्हणजे सुमारे पाचपट झाली. एकाच दशकात ती घटली : १९११ मधील २५.२१ कोटींवरून १९२१ मध्ये २५.१३ कोटींवर. १९५१ नंतर रेषा स्पष्टपणे अधिक चढी होते."

यातले "आजच्या सीमांतील" हे शब्द गुरुजींच्या आग्रहाचे. १९२१ साली देश अखंड होता. हा खुलासा नसेल तर फाळणीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा वाचणारा सरमिसळ करील. असे खुलासे मूळ चित्रात तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असतात आणि वर्णन लिहिणारा नेमके तेच गाळतो. आणखी एक खुलासा आम्ही कोष्टकाखाली घातला : १९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मिरात जनगणना झाली नव्हती, तेथील आकडे अंदाजाने धरलेले आहेत.

एका बाबतीत मात्र आमचा वाद झाला. आमचे म्हणणे, घटीचे कारण म्हणून साथीचा उल्लेख वर्णनातच करावा. गुरुजी म्हणाले, "आलेखात साथ लिहिली आहे काय? नाही ना? मग तुमचे मत मला आलेखाच्या तोंडून नको." अमेरिकेतील लुंडगार्ड आणि सत्यनारायण ह्या दोघा संशोधकांनी २०२१ साली हाच प्रश्न अंध आणि डोळस अशा दोन्ही वाचकांपुढे ठेवला होता. आलेखामागची कथा आणि कारणे सांगणारी वाक्ये डोळसांना फार आवडली. अंध वाचकांपैकी पुष्कळांना ती तितकी उपयोगी वाटली नाहीत, आकडे आणि त्यांचा कल सांगणारी वाक्ये मात्र हवी होती. आम्ही हार मानली. साथीचा उल्लेख लेखाच्या मजकुरात गेला, वर्णनात नाही.

वर्णनाच्या जोडीला कोष्टक हवेच, कारण वर्णन लिहिणारा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो. कोणी विचारील, वाढीचा वेग सर्वांत अधिक कधी होता? रेषा पाहाल तर २००१ ते २०११ मधला चढ भलताच उभा आहे. तेव्हा १८.२२ कोटींची भर पडली. पण ती १०२.८७ कोटींवर पडली, म्हणजे शेकडा १७.७. याउलट १९६१ ते १९७१ मध्ये ४३.९२ कोटींवर १०.९० कोटींची भर पडली, म्हणजे शेकडा २४.८. हे उत्तर रेषेत नाही, कोष्टकात आहे.

आता हे सारे ठेवावयाचे कोठे? १९९७ सालच्या एचटीएमएलमध्ये यासाठी `longdesc` नावाची सोय होती. चित्राला वर्णनाच्या पानाचा पत्ता जोडावयाचा. पण तो पत्ता डोळस माणसाला सहसा दिसतच नसे. म्हणून लिहिणारेही बेफिकीर राहिले आणि पत्ते चुकीचे निघू लागले. आज ती सोय कालबाह्य ठरली आहे. दुसरी सोय `aria-describedby` ही. तिने वर्णन चित्राला जोडता येते. परंतु स्क्रीन रीडर ते सारे एका दमात सलग वाचतो. दोन वाक्यांना ठीक आहे. कोष्टकाचा मात्र चुराडा होतो. चोवीस आकडे न थांबता ऐकून पाहा म्हणजे समजेल.

म्हणून आमचा निर्णय साधा आहे : वर्णन आणि कोष्टक चित्राखालीच, सर्वांना दिसेल असे ठेवावे. हे व्याख्यान छापले जाईल तेव्हा उपयोग व्हावा म्हणून सांगाडा देतो :

```html
<figure>
  <img src="lokasankhya.png"
   alt="भारताची लोकसंख्या १९०१ ते २०११, रेषालेख. वर्णन व कोष्टक खाली.">
  <figcaption>हा रेषालेख…</figcaption>
</figure>
<table>
  <caption>भारताची लोकसंख्या, कोटींत</caption>
  <tr><th scope="col">वर्ष</th>
      <th scope="col">लोकसंख्या</th></tr>
  <tr><th scope="row">१९२१</th><td>२५.१३</td></tr>
</table>
```

`th` ने शीर्षक कोणते ते कळते. त्यामुळे एनव्हीडीएमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणांच्या कळांनी घराघरांतून फिरता येते, आणि आपण कोणत्या वर्षाच्या ओळीत आहोत ते ऐकू येते. कोष्टकाचेही चित्र करून चिकटविले, तर यातले काही होत नाही. पानाच्या आरंभी `lang="mr"` लिहावयास विसरू नये. नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचावयास लागतो, आणि तो प्रसंग कोणावरही येऊ नये.

शोधाचेही ह्यातच आले. शोधयंत्र पानावरचे शब्द वाचते. चित्रातली अक्षरे ओळखण्याची विद्या आता पुष्कळ पुढे गेली आहे हे खरे. पण आमच्या आलेखात १९२१ च्या बिंदूवर २५.१३ हा आकडा लिहिलेलाच नव्हता, मग तो ओळखणार कोण? पानात शोधावयाची कंट्रोल-एफची सोयसुद्धा `alt` मधला मजकूर पाहत नाही. "१९२१ लोकसंख्या घटली" असे शोधणाऱ्याला पान सापडावयाचे, तर हे शब्द पानावर असावयास हवेत. मराठीत आणखी एक खोच आहे. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या टंकांत केलेली कोष्टके पडद्यावर सुरेख मराठी दिसतात, पण आत भलतीच रोमन अक्षरे असतात. तेथील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. मराठी उमटली तर ठीक, गचाळ रोमन चिन्हे उमटली तर ते कोष्टक शोधालाही सापडत नाही आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही.

ज्या माहितीचित्रात सहा आलेख, नकाशा आणि बाणांची गर्दी एकत्र कोंबलेली असते, त्याचे एक वर्णन लिहूच नये. आधी त्याचे भाग पाडावे आणि प्रत्येक भागाला वेगळे वर्णन द्यावे. हजारो ठिपक्यांच्या आलेखाला पूर्ण कोष्टक पानावर देणे शक्य नसते. तेथे ठिपके किती, ते कोठून कोठवर पसरले आहेत, कळपाबाहेर कोणते, एवढे सांगून आकड्यांची फाइल उतरवून घेता येईल अशी ठेवावी.

गुरुजींचा निबंध पुढे पूर्ण झाला. मूळ पानाच्या चालकांना आम्ही वर्णन आणि कोष्टक पाठविले होते. महिनाभराने त्यांनी ते घातले, पण वर्णनातले "एकाच दशकात ती घटली" हे वाक्य लांबी कमी करण्यासाठी गाळून. गुरुजींनी त्यांना दुसरे पत्र लिहिले आहे.